चाळीस की पंचेचाळीस? सांगलीतल्या घुमणाऱ्या हॉलसाठी स्क्रिप्ट कापली त्याची गोष्ट

मागच्या जूनमध्ये आमच्या ग्रुपकडं एक काम आलं. पुराच्या आधीची तयारी या विषयावर पस्तीस मिनिटांचं अभिवाचन, नदीकाठच्या वस्त्यांमधल्या लोकांसाठी, म्हणजे पाणी किती चढलं की काय करायचं, वीज कधी बंद करायची, कुणाला फोन करायचा वगैरे. स्क्रिप्ट माझी, निवेदनाला आमचे एक रिटायर्ड शिक्षक (आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो) आणि दुसरा आवाज एका ताईंचा. तालीम झाली माझ्या घरच्या पुढच्या खोलीत, तिथं सोफा, पडदे, गादी, सगळं कसं छान ऐकू यायचं. अकरा पानं, चौतीस मिनिटं, सगळे खूश.

नाट्यगृहाची तारीख काही मिळाली नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर केलं, आणि आम्हाला मिळालं काय तर एक मंगल कार्यालय. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, दोन्ही बाजूला काचेच्या खिडक्या, स्टेजमागं गुळगुळीत ऑइलपेंटची भिंत. आवाज शोषून घेईल असं तिथं काही नव्हतंच, एक ते लग्नातलं लाल कारपेट सोडलं तर, आणि तेपण गुंडाळून कोपऱ्यात उभं केलेलं.

आदल्या आठवड्यात सर स्टेजवर उभे राहून पहिलं पान वाचायला लागले आणि मी शेवटच्या रांगेच्या जागी जाऊन थांबलो. आवाज येत होता हो, भरपूर येत होता, पण शब्द नव्हते. नुसतं आ-ओ-आ-ई असं काहीतरी वरून खाली सांडत होतं. साऊंडवाला पोरगा म्हणाला, "दादा, व्हॉल्यूम वाढवू का?" वाढवला. तर आ-ओ-आ-ई जोरात यायला लागलं.

इथंच बऱ्याच जणांची गल्लत होते म्हणून जरा थांबून सांगतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये आवाज कमी पडत नसतो, उलट जास्त होतो. तोंडातून निघालेला शब्द तुमच्यापर्यंत थेट येतो, आणि तोच शब्द पत्र्यावरून, फरशीवरून, काचेवरून आपटत आपटत परत परत येत राहतो. त्याची शेपटी हवेत असताना पुढचा शब्द आला की तो त्या शेपटीत बुडतो. आणि बुडतं काय, तर व्यंजन. आ, ओ, ई हे स्वर दणकट असतात, क, त, स, फ, च हे त्यांच्यापुढं अगदी किरकोळ, फुसकन् निघून जाणारे. आधीच्या आ ची शेपटी पुढच्या त ला सहज झाकून टाकते. व्हॉल्यूम वाढवला की शब्द मोठा होतो तशी शेपटीही तेवढीच मोठी होते, दोघांमधलं अंतर तसंच राहतं, म्हणून काही उपयोग होत नाही.

मग आम्ही शेपटी मोजली. फुगा फोडला, मोबाईलवर रेकॉर्ड केलं, आणि तो फट्ट आवाज विरायला साधारण चार सेकंद लागले. ढोबळ मोजमाप आहे, पण कामापुरतं पुरतं. बोलण्यासाठी हा आकडा एका सेकंदाच्या आसपास असला तर आराम असतो. चार म्हणजे देवळाचा गाभारा झाला की.

हॉल ३६ मीटर लांब, २० रुंद, आणि पत्रा सरासरी ८ मीटरवर, म्हणजे ५७६० घनमीटर हवा. याचं एक जुनं सूत्र आहे, घनफळाला ०.१६१ नं गुणायचं आणि हॉलमधल्या एकूण शोषणानं भागायचं, की शेपटीचे सेकंद येतात. उलटं केलं तर चार सेकंदांवरून रिकाम्या हॉलचं शोषण निघतं साधारण २३२. आता माणूस हासुद्धा शोषणच आहे, अंगावरचे कपडे धरून एक बसलेला माणूस साधारण ०.४५ धरायचा. सहाशे माणसं येणार होती, त्यांचे झाले २७०. एकूण ५०२, आणि शेपटी चारवरून उतरून १.८५ सेकंदांवर. म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये ऐकून घाबरायचं कारण नव्हतं, पण घरच्या खोलीसारखं वाचायचं धाडसही करायचं नव्हतं. मी १.९ धरून कामाला लागलो. हे धरणं नंतर अंगाशी आलं, ते पुढं सांगतो.

पहिला सल्ला जो सगळे देतात तो म्हणजे हळू बोला. सर हळू बोलले. पण सर जुन्या नाटकांत कामं केलेले, त्यांचं हळू म्हणजे "कृष्णेच्याऽऽ काठावरच्याऽऽ माझ्या बंधूंनोऽऽ". ऐकायला भारदस्त वाटतं, पण मागं नुसता भोंगा. कारण स्वर ताणला की शेपटीला खायला आणखी मिळालं. आपल्याला वेळ शब्दांच्या आत घालायचा नसतो, शब्दांच्या मध्ये घालायचा असतो. शब्द स्वतः जवळजवळ नेहमीच्याच वेगानं, तुटक, दातांवर आपटून म्हणायचा आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सरांना सगळ्यात अवघड गेलं. त्यांना वाटायचं की लोकांना वाटेल हे विसरले.

किती गप्प बसायचं याचाही हिशोब आहे. शेपटीचे जे सेकंद मोजतात ते आवाज ६० डेसिबल खाली यायचे. तेवढं थांबायची गरज नसते, वीसेक डेसिबल खाली गेला की पुढचा शब्द त्याच्यावर स्वच्छ उठून येतो. म्हणजे शेपटीचा तिसरा हिस्सा. १.९ चा तिसरा हिस्सा ०.६ सेकंद, मनातल्या मनात "एक" म्हणायचं आणि पुढं जायचं. स्क्रिप्टमध्ये मी त्यासाठी एक उभी रेघ मारली. परिच्छेद संपला की दोन रेघा, तिथं "एक, दोन, तीन".

आता रेघ कुठं मारायची? इथं खरं स्क्रिप्टचं काम सुरू होतं, कारण लिहिलेल्या मराठी वाक्यात रेघ मारायला जागाच नसते. माझं पहिलं वाक्य बघा, लाज वाटते पण देतो:

"महाबळेश्वरातून उगम पावणाऱ्या आणि कराडला कोयनेला पोटात घेऊन येणाऱ्या आपल्या कृष्णेनं २००५ आणि २०१९ साली जे रौद्र रूप दाखवलं, त्यानंतर आयर्विन पुलाखालची पाणीपातळी हा प्रत्येक सांगलीकराच्या रोजच्या बोलण्यातला विषय झाला."

कागदावर चांगलं आहे. खोलीतही चांगलं वाटलं. पण मराठीत क्रियापद शेवटी असतं, त्यामुळं काय झालं हे कळायला माणसाला सगळं वाक्य डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि मधले तीन शब्द जरी शेपटीत गेले तरी अख्खं वाक्य गेलं. घुमणाऱ्या हॉलमध्ये ऐकणारा आधीच अर्धं ऐकून अर्धं अंदाजानं भरत असतो. त्याला पंचवीस शब्दांचा अंदाज बांधता येत नाही, पाच शब्दांचा येतो. मग हे असं झालं:

"मंडळी. | ही कृष्णा. | महाबळेश्वरची. | कराडला तिला कोयना भेटते. | मग ती येते | आपल्या दारात. || २००५ ला आली. | २०१९ ला आली. | घरात शिरली. ||"

एका तुकड्यात एक ते पाच शब्द, दहा-बारा अक्षरांच्या वर जायचं नाही, आणि प्रत्येक तुकडा एकटा उभा राहिला पाहिजे. एक तुकडा ऐकू आला नाही तरी पुढचा कळला पाहिजे. "रौद्र रूप" काढलं त्याचं मला वाईट वाटलं, पण द्र आणि रू तिथं एकमेकांत कालवले जात होते, मागं फक्त "रौ रू" पोचत होतं, जणू कुणी रडतंय.

सुरुवातीच्या "मंडळी" बद्दल ताईंनी विचारलं, की प्रत्येक पानावर मंडळी मंडळी कशाला? तर त्याचं काम माहिती द्यायचं नाहीच. शांततेनंतरचा पहिला शब्द सगळ्यात स्वच्छ पोचतो, त्याच्याआधी कुठली शेपटी नसते, पण त्याच वेळी ऐकणाऱ्याचं लक्ष शेजारच्या पोराकडं असतं. म्हणून पहिला शब्द फुकट घालवायचा असा टाकायचा, लक्ष वळलं की थांबायचं, आणि मग कामाचा शब्द त्या शांततेत ठेवायचा. दवंडीवाला "ऐका हो ऐका" म्हणायचा ते याचसाठी असणार, बातमी त्यात नसतेच, बातमी नंतर.

दोन दिवस असं कापाकापी करून आम्ही परत हॉलवर गेलो. माझा भाचा आणि त्याची मैत्रीण शेवटच्या रांगेत वही घेऊन बसले, जे ऐकू येईल ते लिहायचं, अंदाज लावायचा नाही, असं बजावलेलं. ही चाचणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक. स्वतः लिहिणाऱ्यानं मागं बसून काही उपयोग नसतो, त्याला स्क्रिप्ट पाठ असते, त्याला सगळं ऐकू येतं.

गोष्टीचा भाग त्यांनी जवळजवळ सगळा बरोबर लिहिला. पण ज्यासाठी कार्यक्रम होता तिथंच वांधा. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर आलं की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलेलं. कार्यक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे हा ४० आणि ४५ मधला फरक. भाच्याच्या वहीत दोन्हीकडं लिहिलेलं, "चाळीस".

मग मी स्वतः डोळे मिटून ऐकलं. सर म्हणाले "पंचेचाळीस". प, अनुस्वार, पहिला च, सगळं शेपटीत, आणि शिल्लक राहिलं "...चाळीस". विचार केला तर एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सगळ्यांचं शेपूट एकच, फरक सगळा पुढच्या एक-दोन अक्षरांत, आणि ती अक्षरंही नेमकी हलकी. मराठी आकड्यांची ही खोडच आहे, एकक आधी येतो आणि दशक नंतर. खोलीत याचा त्रास होत नाही, पत्र्याखाली होतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंचवीस आणि पस्तीस, सात आणि साठ, हे सगळे तिथले धोकादायक शब्द.

ताई म्हणाल्या सोपं आहे, आकडे सुटे म्हणू, "चार पाच". ऐकल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे चारपाच फूट ना?" आपण चार-पाच माणसं आली म्हणतो तसं. ते रद्द. "फॉर्टी फाइव्ह" म्हणून बघितलं, ते पोचलं बरं, पण समोर ज्या आज्या बसणार होत्या त्यांना फॉर्टी फाइव्ह कशाला सांगायचं. शेवटी सरांनीच तोडगा काढला, भाजी मंडईत मोजतात तसा. "चाळीस | आणि वर पाच." पहिल्यांदा चाळीस पोचतं, मग शांतता, मग "वर पाच", यात व आणि प दोन्ही शांततेनंतर येतात म्हणून शाबूत राहतात. स्क्रिप्टमध्ये ते असं बसलं:

"पहिली खूण. | पिवळी. | चाळीस फूट. || आवराआवर सुरू. || दुसरी खूण. | लाल. | चाळीस | आणि वर पाच. || घर सोडा. ||"

आणि एक उंच बांबू स्टेजवर उभा केला, त्यावर दोन पट्टे, पिवळा आणि लाल. ताई त्या त्या वेळी हात लावणार. ज्याला ऐकू आलं नाही त्याला दिसेल. "इशारा पातळी" आणि "धोका पातळी" हे शब्द सरकारी म्हणून एकदाच घेतले आणि सोडून दिले, दोन्हीकडं "पातळी" तेच असल्यामुळं ऐकणाऱ्याचा गोंधळच जास्त.

दुसरा वांधा याहून वाईट होता. वहीत एका जागी लिहिलेलं, "खाली थांबा". मी लिहिलं होतं, "पाणी वाढत असेल तर खाली थांबू नका." मराठीत नकार शेवटी, क्रियापदाच्याही नंतर. "थांबू" मधला बू घुमतो आणि "नका" त्याच्यात बुडतं, राहिलं काय, तर नेमकी उलटी सूचना. पुराच्या कार्यक्रमात ही चूक म्हणजे गंमत नव्हे. मी रात्री बसून स्क्रिप्टमधली सगळी नका, नाही, नये शोधून काढली, एकोणीस निघाली. जिथं जमलं तिथं नकार काढून सरळ आज्ञा केली. "खाली थांबू नका" च्या जागी "गच्चीवर जा." "विजेच्या बटणाला हात लावू नका" च्या जागी "आधी मेन स्विच बंद." आता यातला काही भाग राहिला तरी उलटा अर्थ निघत नाही, फार तर अर्धा निघतो.

चार जागी नकार काढताच येईना. वाहत्या पाण्यात उतरू नका, याला दुसरं काय म्हणणार. "काठावर राहा" म्हणून बघितलं, पण मग लोक काठावर बघायला उभे राहतात तेही नको होतं. तिथं नकार उचलून पुढं आणला आणि एकटा ठेवला. "नको. | वाहत्या पाण्यात | पाऊल नको." तो शब्द दोनदा येतो, एकदा शांततेनंतर पहिला आणि एकदा शेवटी, पुढं दोन रेघांची शांतता. वहीत चारही बरोबर आले.

"विसर्ग" हा शब्दही असाच गेला. कोयनेतून विसर्ग वाढवला, इतके क्युसेक, धरणाची क्षमता १०५ टीएमसी, असं सगळं मी हौसेनं घातलेलं. पेपरात हे रोज असतं, पण पत्र्याखाली विसर्ग म्हणजे नुसतं "वि...", सर्ग पोचतच नाही. "कोयनेनं पाणी सोडलं" झालं. टीएमसी पूर्ण कापलं. चांगली माहिती होती, पण जी माहिती पोचतच नाही ती स्क्रिप्टमध्ये असून फक्त वेळ खाते, आणि वेळाचीच टंचाई होती. कारण रेघांसकट अकरा पानं वाचून बघितली तर बावन्न मिनिटं! पस्तीसमध्ये बसवायचं म्हणजे पानं सातच राहणार. लोक म्हणतात हळू बोला, पण हळू बोलायचं म्हणजे तिसरा हिस्सा स्क्रिप्ट टाकून द्यायची हे कुणी सांगत नाही. मी पहिल्यांदा शब्द कापत बसलो, इथला एक, तिथला एक, दीड पानच कमी झालं. मग अख्खे प्रसंग काढले तेव्हा जमलं. एक नावाड्याचा प्रसंग होता, मला फार आवडायचा. गेला.

संगीतही गेलं. मागं तानपुरा आणि मधे मधे बासरी असं ठरलेलं, पण आपण शांतता विकत घेऊन ठेवलेली आणि तिच्यात तानपुरा ओतायचा म्हणजे रेघांचा उपयोगच संपला. बासरी फक्त परिच्छेदांच्या मध्ये ठेवली, आणि ती विरेपर्यंत सरांनी तोंड उघडायचं नाही. दोन आवाजांचे सवाल-जवाबही तुटक केले. आधी ताई सरांचा शब्द संपता संपता बोलायच्या, ते नाटकात चांगलं दिसतं, इथं दोघांचे शब्द एकमेकांत कालवले जायचे. आता दुसऱ्यानं आधी श्वास घ्यायचा, मग बोलायचं.

एक भलतीच अडचण मात्र स्क्रिप्टची नव्हतीच. सर मोठ्या आवाजात वाचताना मधेच अडखळायचे, जीभ जड व्हायची, त्यांना वाटलं बीपी वाढलं. स्टेजपासून मागची भिंत ३२ मीटर, आवाज जाऊन येऊन ६४ मीटर, सेकंदाला ३४५ मीटरनं ०.१९ सेकंद लागतात. स्वतःचंच बोलणं सुमारे ०.२ सेकंद उशिरा कानात पडलं की माणूस हमखास अडखळतो, ते अंतर त्यासाठी सगळ्यात वाईट. बीपीचा काही संबंध नाही. साऊंडवाल्यानं सरांच्या पायाशी एक छोटा स्पीकर ठेवला, त्यातून त्यांचा ताजा आवाज भिंतीच्या आधी कानात पडायला लागला. आणि तुकडे लहान झाल्यामुळं भिंतीचा आवाज बऱ्याच वेळा रेघेतच येऊन संपायचा, तेही कामी आलं. त्याच पोरानं मुख्य स्पीकरची तोंडं भिंतीवरून काढून खुर्च्यांकडं झुकवली आणि मिक्सरवर बेस काढला, सरांचा आवाज घरगुती रेडिओसारखा पातळ झाला. सरांना आवडलं नाही. वहीवाल्यांना आवडलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून पाऊस. सहाशे कुठले, अडीचशे माणसं आली, आणि तीही हॉलभर विखरून, कारण प्रत्येकाला पंख्याखाली बसायचं. मी मोबाईलवर आकडेमोड केली. अडीचशेचे ११२, रिकाम्या हॉलचे २३२, मिळून ३४४. शेपटी २.७ सेकंद. तिसरा हिस्सा ०.९. म्हणजे ज्या रेघेला मनात "एक" होतं तिथं आता सावकाश "ए-क" लागणार. रेघा होत्या चारशेच्या आसपास, प्रत्येकीला ०.३ सेकंद जादा, दोन मिनिटं वाढली.

यासाठी आधीच पेन्सिलनं दोन परिच्छेदांना चौकट करून ठेवलेली, गरज पडली तर गाळायचे म्हणून. ते गाळले. आणि लोकांना हात जोडून पुढं बोलावलं, "या की ओ काका, हिकडं पुढं या, लाजताय काय". विखुरलेली माणसं पुढं आली की शोषण काही वाढत नाही, पण ती स्पीकरच्या जवळ येतात, थेट आवाज जास्त मिळतो. या हॉलमध्ये स्पीकरपासून साधारण सहा मीटरच्या पुढं घुमणं थेट आवाजापेक्षा मोठं व्हायला लागतं. सगळे सहा मीटरात कुठून बसणार, पण तीस मीटरवर बसण्यापेक्षा बारावर बसलेलं बरं. अर्धे आले. उरलेले पंख्याखालीच.

पंधराव्या मिनिटाला पावसानं पत्र्यावर जोर धरला. तेव्हा कळलं की आमची सगळी मेहनत घुमण्यासाठी होती, गोंगाटासाठी नव्हे. घुमण्याला शांतता हे औषध आहे, पण रेघेतच पत्रा वाजायला लागला तर थांबून काय उपयोग. उलट तिथं आवाज वाढवावा लागतो. सरांनी मान वर करून पत्र्याकडं बघितलं, कागद खाली ठेवला आणि दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. ताई बांबूला हात लावून उभ्या, आधी पिवळ्याला, मग लालला. तेवढ्यात कुणीतरी चहा फिरवला. सर ओसरली तेव्हा आमचे सर परत पानाच्या सुरुवातीपासून निघाले, अर्ध्यावरून नाही, ते बरोबर केलं त्यांनी.

नंतर मी दारात उभा राहून येईल त्याला विचारत होतो, लाल खूण किती? बहुतेकांनी "चाळीस न् पाच" सांगितलं, पंचेचाळीस कुणी म्हणालंच नाही, आमचाच शब्द परत आला. पाण्यात पाऊल नको हे पोरांनी घोषणेसारखं म्हणून दाखवलं.

फसलं ते फोन नंबरात. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. स्क्रिप्टमध्ये मी लिहिलं होतं, "एक. | शून्य. | सात. | पुन्हा सात." मला वाटलं यात काय चुकणार. एका काकांनी तळहातावर पेननं लिहून घेतलेलं दाखवलं, १०७. म्हटलं, काका, शेवटचा सात? ते म्हणाले, "अहो तुम्हीच म्हणला की पुन्हा. परत सांगताय असं वाटलं." नंतर आणखी तिघांकडं १०७ च निघाला. सगळीकडं सांगतात, महत्त्वाचं दोनदा सांगा, आणि आम्हीही प्रत्येक सूचना दोनदा सांगत होतो, त्यामुळं पुन्हा म्हटलं की लोक मागचं परत आलं असंच धरत होते, ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढचा प्रयोग मिरजेला आहे, असाच पत्रा. तिथं "एक. | शून्य. | आणि दोन सात." असं करून बघणार आहे, आणि बांबूच्या शेजारी एक फळा, त्यावर खडूनं १०७७, शेवटच्या रांगेतून दिसेल एवढ्या अक्षरात.